तिसऱ्या नंबरचा दिवा

७ जानेवारी

सकाळची पाळी केली. दोन वाजता सुटलो. येताना दूध आणलं. दाराच्या फटीत तुझं पाकीट होतं. जेवून घेतलं, मग उघडलं.

प्रिय ठकी,

आत चिठ्ठी असेल असं वाटलं होतं. नऊ कागद निघाले. आईने तुला फोनवर पाठवलेले शब्द डावीकडे, तुझी उत्तरं उजवीकडे, वर तारखा, कडेला वेळा. सगळं तुझ्या हाताने उतरवलेलं. माझ्यासाठी एक ओळही नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून मीही पत्रच लिहितो आहे.

आईला पोचवून आलो त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला बोललो. नातेवाइकांना कळवायला आईचा फोन उघडला होता. त्यात सगळ्यात वर तुझं नाव होतं, बुधवारचा तिचा 'दुखतंय' हा शब्द होता आणि खाली तुझं 'हं. कुठे?' एवढंच मी वाचलं आणि बाहेर येऊन म्हणालो, "तू नुसतं हं हं करत बसलीस आणि ती गेली." तू चपला घातल्यास आणि गेलीस. मामा तुझ्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

आता पुढचं वाचलं. तू विचारलंस कुठे, ती म्हणाली पाठ. किती दिवस, तर आठ. छातीत काही होतंय का, तर नाही. भीती वाटतेय का, तर थोडी. 'डॉक्टर?' असं तू विचारलंस, त्यावर तिचं उत्तर आहे, 'दादाला कळेल.' तू लिहिलंस, 'कळू दे. मी येते.' ती म्हणाली, 'शनिवारी ये.' तू शनिवारचं तिकीट काढलंस. ती गुरुवारी गेली.

हे मला माहीत नव्हतं. पण ठकी, तुला तर माहीत होतं. ती आमच्याकडेच राहत होती, मी एका भिंतीपलीकडे होतो. एक फोन मला करायला हवा होतास. हे मी भांडायचं म्हणून लिहीत नाही.

तुझी तब्येत सांभाळ. दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासतेस, मान एकाच बाजूला राहते. दर तासाला उठत जा. जेवणाच्या वेळा पाळ. या दिवसांत माणूस स्वतःकडे दुर्लक्ष करतो, तसं करू नकोस. शक्य तर एकदा रक्त तपासून घे.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

सुट्टी होती. कपडे धुतले. आईच्या खोलीतला पंखा पुसला. तुझी वहिनी शाळेतून साडेपाचला आली.

प्रिय ठकी,

काल तुझा संदेश आला त्याबद्दल लिहितो. सहा आठवड्यांत पहिला. 'उदास.' त्यापुढे पूर्णविराम.

मी काय केलं ते तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. आधी तुला तीन फोन केले. तू उचलले नाहीस. मग लांबलचक मजकूर पाठवला, त्यात सकाळी उन्हात चालण्याबद्दल होतं, आणि आई गेल्यावर आपणच खंबीर राहायला हवं असंही होतं. मग तुझ्या दुकानाच्या मालकाचा नंबर शोधून काढला आणि त्यांना विचारलं की ती कामावर आली आहे का, तिच्याकडे जरा लक्ष ठेवा. ते म्हणाले, ती समोरच बसली आहे, देऊ का फोन. मागे गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. तू फोनवर आली नाहीस. दहा मिनिटांनी तुझा दुसरा शब्द आला. 'बास.'

संध्याकाळी हे सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने पेन बाजूला ठेवलं नाही. म्हणाली, "ती उदास म्हणाली. तुम्ही आगीचा बंब पाठवलात."

मी म्हटलं, मग काय करायचं होतं, गप्प बसायचं? आपल्या घरात काय घडलंय ते माहीत असताना?

ती म्हणाली, "गप्प बसायचंही नव्हतं. ती नऊ पानं टेबलावर दीड महिना पडली आहेत. त्यात तुम्ही फक्त शेवटचं पान वाचलंय."

हे खरं आहे. बाकीची आठ मी चाळलीसुद्धा नव्हती. माझी चूक कुठे नाही एवढंच मला पाहायचं होतं.

मालकांना फोन केल्याबद्दल माफी मागतो. ते तुला काही बोलले असतील तर कळव. किंवा नको कळवू.

दादा


११ एप्रिल

दुपारची पाळी. पाळीभर पंप नीट चालले. एकदाही बझर वाजला नाही. नोंदवहीत दर तासाला तेच आकडे लिहिले.

प्रिय ठकी,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल असं धरून चाललोही नव्हतो. पण आठ पानं वाचून झाली, त्याबद्दल लिहायचं आहे. वेळ लागला. आठवड्याला एक पान, त्याहून जास्त जमत नव्हतं.

पहिल्या पानावर आई लिहिते, 'थकले.' तू लिहितेस, 'हं. थकलीस. उभी राहून की बसून?' ती म्हणते, 'बसून.' तू म्हणतेस, 'बसून येणारा थकवा वाईट.' ती म्हणते, 'हो ना.' मग अर्धा तास काहीच नाही, आणि नंतर तीच आपणहून लिहिते, 'मशीन गेल्यापासून.'

हे मी परत परत वाचलं. तू तिचा शब्द तिला परत दिलास, त्यात काही मिसळलं नाहीस. मग असं एक विचारलंस ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल, कारण तिची बोटं वाकडी झाली होती आणि एका शब्दालाही तिला मिनिटभर लागायचं. आणि मग थांबलीस. ती थांबण्याची जागा मला पहिल्यांदा दिसलीच नव्हती. मला वाटलं तू कामात होतीस. नंतर पाहिलं तर प्रत्येक पानावर तशी जागा आहे, आणि आईचं खरं बोलणं प्रत्येक वेळी त्या जागेनंतर आहे.

एका पानावर ती 'कंटाळा' म्हणते आणि तू म्हणतेस, 'मलाही. चल, दोघी कंटाळू.' त्यावर तिने हसरा चेहरा पाठवला आहे. तिला तो कुठून सापडला कोण जाणे. मला तिने कधी पाठवला नाही.

आता माझ्या बाजूचं. तिचा फोन माझ्याकडे आहे, तेव्हा दोन्हीकडचं वाचता येतं. गेल्या वर्षी मेमध्ये, ती अजून तिच्या दोन खोल्यांत राहत होती तेव्हा, तिने मलाही 'थकले' असंच लिहिलं होतं. बहुतेक त्याच आठवड्यात, जेव्हा तिने फोनवर लिहायला शिकून घेतलं. मी अर्धी रजा टाकून गेलो. रक्त, लघवी, छातीचा आलेख, सगळं करून घेतलं. काही निघालं नाही. तरी डॉक्टरांना विचारलं की पायाने चालवायचं शिवणयंत्र या वयात चालेल का. ते म्हणाले, झेपत असेल तर चालेल. मी तिला सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले. पुढच्या रविवारी यंत्र शिवणवर्गाला देऊन टाकलं. चाळीस वर्षांचं यंत्र. ती गॅलरीत उभी राहून टेम्पोकडे बघत होती. म्हणाली, "सुयांचा डबा तरी राहू दे." तो राहिला.

नंतर जूनमध्ये 'एकटं' असं आलं. मी तिला आमच्याकडे घेऊन आलो. मागची सामानाची खोली रिकामी केली, पलंगाशी घंटी बसवली. तिला एकटं वाटत होतं एवढंच ती म्हणाली होती. घर सोडायचं आहे असं ती म्हणाली नव्हती.

त्यानंतर तिने मला तसा एकही शब्द पाठवला नाही. मी कामावरून रोज दहा वाजता 'कशी आहेस' लिहायचो, ती लिहायची 'बरी आहे'. मोजलं नाही, पण पाच महिने रोज तेच आहे. मला समाधान वाटायचं. लोकांना सांगायचो, आई आमच्याकडे आल्यापासून एकदम ठणठणीत. त्या बुधवारीही दहा वाजता 'बरी आहे' आलं. मी लिहिलं, 'उत्तम. पाणी भरपूर पी.' तुला तिने 'दुखतंय' लिहिलं ते दहा वाजून सहा मिनिटांनी.

ठकी, आता एक कामावरची गोष्ट सांगतो. ती मी कुणाला सांगत नाही.

मी नवीन होतो तेव्हाची. वर आमची नियंत्रणाची खोली, खाली शहराच्या पाण्याचं पंपघर. वरच्या पॅनेलवर प्रत्येक पंपाचा एक दिवा. खाली काही तापलं की दिवा लुकलुकतो आणि बझर वाजतो. आम्ही पिवळं बटण दाबतो, त्याला दखलेचं बटण म्हणतात. ते दाबलं की बझर थांबतो आणि लुकलुकणं थांबतं, पण दिवा विझत नाही, स्थिर जळत राहतो. बटणाने काही दुरुस्त होत नाही. खालच्यांना फक्त कळतं की वर कुणीतरी पाहिलं. मग खाली फोन करून विचारायचं, काय दिसतंय. खरोखर थंड झालं की दिवा आपोआप विझतो.

तिसऱ्या नंबरच्या पंपाचं बेअरिंग अधूनमधून जरासं तापायचं. मी प्रत्येक वेळी पंप बंद करायला लावायचो, अहवाल मागवायचो, पाळीवरच्या माणसाकडून लेखी खुलासा घ्यायचो. नियमाच्या बाहेर काहीच केलं नाही. मग एकदा तिसऱ्या नंबरचा दिवा लागायचा थांबला. महिनाभर लागला नाही. मी वरिष्ठांना म्हटलं, बघा, शिस्त लावली की यंत्रंसुद्धा सुधारतात. पाचव्या आठवड्यात बेअरिंग जळून पंप जागेवर अडकला आणि अर्ध्या शहराला दोन दिवस पाणी नव्हतं. उघडून पाहिलं तर खालच्यांनी तापमानाची वायर काढून तिच्या जागी असा एक तुकडा जोडला होता की वर कायम सगळं ठीक दिसावं.

फोरमन वयाने मोठे होते. चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, दिवा लागला की तुम्ही आमचीच चौकशी लावायचात. मग आम्ही म्हटलं, दिवाच नको."

एकतीस वर्षं झाली त्याला. मी नंतर चांगला ऑपरेटर झालो, सगळे म्हणतात. आधी दखल, मग विचारणं, मग वाट पाहणं, हे मी नवीन माणसांना शिकवतो. घरी येताना ते बहुधा नोंदवहीबरोबर तिथेच ठेवून यायचो.

आईची ती वायर मी काढायला लावली. तू नाही. एवढंच लिहायचं होतं. एवढं लिहायला एप्रिल उजाडला.

दादा


२३ जून

सकाळची पाळी. सव्वाअकराला चौथ्या पंपाची देखभाल संपली. अकरा वीसला तुझा संदेश आला.

प्रिय ठकी,

तू पाठवलंस, 'थकले.'

तुला हसू येईल, पण मी सहकाऱ्याला म्हटलं, पाच मिनिटं पॅनेल बघ, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

आधी लिहिलं, 'झोप किती झाली?' पाठवलं नाही. मग लिहिलं, 'काळजी करू नकोस.' तू काळजीचं काही म्हणालीच नव्हतीस. तेही पुसलं. मग नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. ते जाब विचारल्यासारखं दिसत होतं. शेवटी तुझ्याच कागदावरचं लिहिलं. 'हं. थकलीस.'

चार मिनिटांनी 'हो.'

मी विचारलं, 'अंगाने की मनाने?' तू म्हणालीस, 'दोन्ही.'

इथे मला फोन करावासा वाटला. तिकीट काढावंसं वाटलं. आईचा बुधवार समोर आला. पण खिडकीत उभं राहून विचार केला की मला भीती वाटते आहे ती माझी आहे, तुझ्या शब्दात ती आहे की नाही ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसेल तर विचारावं. तूही आईला सरळच विचारलं होतंस. म्हणून लिहिलं, 'एकदाच विचारतो. घाबरण्यासारखं काही आहे का? असेल तर सांग, मी येतो.'

'नाही. नुसती थकले.'

'बरं. सांगायचंय की असू दे?'

'असू दे.'

'बरं. मी दोनपर्यंत इथेच आहे.'

आणि मी पॅनेलवर जाऊन बसलो. फोन नोंदवहीशेजारी उघडा ठेवला. अडीच तासांत तीन वेळा उचलला आणि तीन वेळा खाली ठेवला. उन्हात चालण्याबद्दल लिहिलं नाही. सहकारी म्हणाला, काय हो, लॉटरीचा निकाल आहे का आज.

दोनला दहा कमी असताना तुझं आलं. 'दोन काचा फुटल्या. एकाच गिऱ्हाइकाच्या.'

मी लिहिलं, 'एकाच्याच? अरेरे.'

तू लिहिलंस, 'तास लवकर संपला आज, मुख्याध्यापक.'

लहानपणी मी तुला गणित शिकवायचो तेव्हा तू आईकडे पळून जायचीस आणि दाराआडून मला हे म्हणायचीस. ते वाचून मी फोन खिशात ठेवला आणि पाळी सोपवली. ते बरोबर होतं का चूक, माहीत नाही.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढंच? हे सासूबाईंनाही चाललं असतं." तिने मुद्दाम म्हटलं नाही. ती लगेच आत गेली.

खरंच एवढंच होतं. एका ओळीचं काम होतं. त्याला रजा लागत नव्हती, टेम्पो लागत नव्हता. 'हं. बसून की उभी राहून?' एवढं मला आलं असतं तर बुधवारी दहा वाजता पाठ दुखते हे मला कळलं असतं, आणि सव्वादहापर्यंत मी घरी असतो. मी काहीही करायला तयार होतो ना, ठकी. सगळं करायला तयार होतो.

दादा


३० ऑगस्ट

सुट्टी. पाऊस नाही, ऊन नाही. तुझी वहिनी तिच्या बहिणीकडे दोन दिवस गेली आहे. सकाळी शिवणवर्गात जाऊन आलो.

प्रिय ठकी,

यंत्र परत मागायला गेलो होतो. नवं घेऊन देतो, आमचं द्या, असं म्हणणार होतो. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, जुनी सगळी यंत्रं मार्चमध्ये भंगारात गेली, त्याचे सुटे भागसुद्धा मिळत नाहीत. एका कोपऱ्यात यंत्रांचे पायाने दाबायचे पायटे पडले होते, पाच-सहा. आईचं कुठलं ते ओळखू आलं नाही. ओळखायला हवं होतं. लहानपणी मी त्याचा आवाज ऐकत अभ्यास केला होता.

जूननंतर तू काही पाठवलं नाहीस. मीही विचारलं नाही. दहा वाजता 'कशी आहेस' पाठवायची सवय हाताला आहे, पण ती तुझ्यावर लावायची नाही असं ठरवलं आहे. मला कळतं की एका दिवशी नीट उत्तर दिल्याने तो दिवस पुसला जात नाही, मामांसमोरचा. तू येशील असं मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःलाही सांगत नाही.

आईच्या खोलीत आता काही ठेवलेलं नाही. घंटी काढली, तिची दोन भोकं भिंतीत राहिली आहेत. ती एकदाही वाजली नव्हती. तेही तेव्हा मला बरंच वाटायचं.

दुपारी, सव्वातीन. पत्र बंद करून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं आहे.

आत्ता तुझा शब्द आला. 'आई.'

यावर मला काय वाटतं त्याची पानं भरतील, पण ते तू विचारलेलं नाहीस. दुःख करू नकोस असं म्हणवत नाही. वेळ जाऊ दे असंही म्हणवत नाही. मी लिहिलं, 'हो. आई.' आणि थोड्या वेळाने, 'मलाही.'

तू वाचलंस, तशा खुणा दिसल्या. मग काही आलं नाही. अजून आलेलं नाही. चार वाजत आले.

येईल किंवा येणार नाही. फोन टेबलावर उघडा ठेवला आहे. दिवा लागलेला आहे आणि मी पाहिला आहे, याच्यापुढे माझ्या हातात काही नाही.

उद्या सकाळची पाळी आहे. शर्टाचं वरून दुसरं बटण गेलं आहे. आईचा सुयांचा डबा काढला. पांढरा दोरा तिने रिळाला नीट अडकवून ठेवला होता. सुईत तो तीनदा गेला नाही. खिडकीपाशी उजेडात गेलो, टोक ओलं केलं, चौथ्यांदा गेला. बटण लावतो आहे.

दादा